वर पाहणाऱ्या खेळाडूसाठी हॉल: मोकळी उंची, कोर्टांची मांडणी आणि डोळे न दिपवणारा दिवसाउजेड

शाळा, महाविद्यालय किंवा नगरपालिका बहुउद्देशीय क्रीडा सभागृह बांधायला घेते, तेव्हा पहिल्या बैठकीत प्रश्न असतो तो किती चौरस मीटरचा हॉल हवा हा. माझ्या मते त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा: या हॉलमध्ये सर्वांत जास्त वेळ वर पाहणारा खेळाडू कोण असेल? बहुतेक ठिकाणी याचे उत्तर बॅडमिंटनपटू हेच येते. पाच ग्रॅमच्या आसपास वजनाचे पांढरे फूल छताच्या दिशेने उंच जाते, तिथून जवळजवळ सरळ खाली येते, आणि एवढा सगळा वेळ खेळाडूची नजर छताकडे असते. हॉलची उंची, कोर्टांची दिशा आणि उजेड आत येण्याच्या जागा या तिन्ही गोष्टी त्या नजरेवरून ठरवल्या, तर कबड्डी, खो-खो, बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल त्याच हॉलमध्ये सहज सामावतात. उलट क्रमाने गेल्यास बॅडमिंटन कायमचे बिघडते.

पुढचा सगळा हिशेब पुणे परिसरातील एका काल्पनिक पण अगदी नेहमीच्या हॉलचा आहे: लोखंडी पोर्टल फ्रेमचा सांगाडा, पत्र्याचे छत, बॅडमिंटनची चार कोर्टे आणि त्यांच्यावरच आखलेले एक बास्केटबॉल व एक व्हॉलीबॉल कोर्ट.

पहिली पायरी: जमिनीवरची मांडणी

बॅडमिंटनचे दुहेरीचे कोर्ट १३.४० मीटर लांब आणि ६.१० मीटर रुंद असते. चार कोर्टे एकमेकांना समांतर ठेवून त्यांच्यामध्ये दोन-दोन मीटरच्या तीन फटी आणि दोन्ही टोकांना साधारण तेवढीच जागा सोडली, तर लांबी ३४.४ मीटर होते. ती आपण ३४.५ धरू. रुंदीच्या बाजूने १३.४ मीटरचे कोर्ट आणि मागे-पुढे दोन-दोन मीटर धरले तर १७.४ मीटर पुरतील असे वाटते. परंतु बास्केटबॉलचे कोर्ट २८ बाय १५ मीटरचे असून त्याच्या चारही बाजूंना दोन मीटर अडथळामुक्त जागा लागते, म्हणजे ३२ बाय १९ मीटर. त्यामुळे हॉलची आतली रुंदी २० मीटर घ्यावी. व्हॉलीबॉलचे १८ बाय ९ मीटरचे कोर्ट सभोवती तीन मीटर सोडूनही त्यात बसते. खो-खोचे २७ बाय १६ मीटरचे मैदान दीड मीटरच्या लॉबीसह बसते, आणि कबड्डीची १३ बाय १० मीटरची मॅट तर दोनदा अंथरता येते. हँडबॉलला ४० बाय २० मीटरचे कोर्ट लागते. ते या हॉलमध्ये मावत नाही, आणि हे समितीला सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलेले बरे.

आखणी करणाऱ्याला एक बारकावा आधी समजावून द्यावा. बॅडमिंटन आणि व्हॉलीबॉलच्या कोर्टाचे माप सीमारेषेच्या बाहेरच्या कडेपर्यंत असते, तर बास्केटबॉलचे आतल्या कडेपर्यंत. हे न कळल्यामुळे बास्केटबॉलचे कोर्ट दहा सेंटीमीटर अरुंद आखले गेल्याचे मी पाहिले आहे, आणि रंगवलेल्या लाकडी फ्लोअरिंगवर ती चूक पुसता येत नाही.

या मांडणीचा खरा परिणाम मात्र दिशांवर होतो. बॅडमिंटनचे खेळाडू हॉलच्या रुंदीच्या दिशेने, म्हणजे लांब भिंतींकडे तोंड करून खेळतात. बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉलचे खेळाडू लांबीच्या दिशेने, म्हणजे टोकाच्या आखूड भिंतींकडे पाहून खेळतात. याचा अर्थ असा की हॉलची एकही भिंत अशी उरत नाही, जिच्याकडे कोणत्या ना कोणत्या खेळाचा खेळाडू पाहत नाही. नेहमीसारख्या खिडक्या कुठे ठेवायच्या या प्रश्नाचे उत्तर इथेच मिळते: त्या कुठेच ठेवायच्या नाहीत. उजेड छतातून घ्यावा लागतो, आणि छतातही कोर्टावर नव्हे, तर दोन कोर्टांमधल्या फटींवर.

दुसरी पायरी: मोकळी उंची

मोकळी उंची, जिला साइटवर क्लिअर हाइट म्हणतात, ती तयार फ्लोअरिंगच्या पृष्ठभागापासून खेळाच्या जागेवर लटकणाऱ्या सर्वांत खालच्या वस्तूपर्यंत मोजायची. ती वस्तू राफ्टर म्हणजे छत पेलणारी तिरपी तुळई असेल, दिवा असेल, डक्ट असेल किंवा दुमडून वर घेतलेला बास्केटबॉलचा बोर्ड असेल. बॅडमिंटनच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांना १२ मीटर मोकळी उंची मागितली जाते. त्याखालच्या बहुतेक स्पर्धांचे काम ९ मीटरमध्ये होते. इंग्लंडमध्ये वस्तीपातळीच्या चार कोर्टांच्या हॉलसाठी ७.५ मीटर हे माप रूढ आहे. व्हॉलीबॉलच्या नियमात किमान ७ मीटर आहेत आणि बास्केटबॉललाही ७ मीटर लागतात. टेबल टेनिसला ५ मीटर पुरतात. म्हणजे उंचीवरही निर्णय बॅडमिंटनचाच चालतो. जिल्हा पातळीच्या स्पर्धा घ्यायची इच्छा असेल तर ९ मीटरच्या खाली उतरू नये, कारण लांबी-रुंदी पुढे वाढवता येते, पण उंची पुन्हा वाढवता येत नाही.

सर्वांत जास्त फसगत होते ती कोटेशनमधल्या 'ईव्ह हाइट' या शब्दामुळे. पुरवठादार देतो तो आकडा साधारणपणे छताच्या कडेच्या वरच्या पातळीचा असतो. आपल्या उदाहरणात हिशेब असा: मोकळी उंची ९.० मीटर, राफ्टर खांबाला मिळतो तिथे त्याची खोली ०.७ मीटर, त्यावर पत्रा पेलणारे आडवे पर्लिन ०.२ मीटर आणि लाकडी स्प्रंग फ्लोअरिंगची जाडी ०.१ मीटर. बेरीज १० मीटर होते. म्हणून '९ मीटर ईव्ह हाइट' लिहिलेल्या करारात कोर्टाच्या मागच्या कडेला प्रत्यक्षात जेमतेम ८ मीटर मिळतात. मध्यभागी उतारामुळे उंची वाढलेली असते आणि पुरवठादार तीच दाखवतो. पण उंच लॉब पडतो तो बेसलाइनजवळ, म्हणजे या मांडणीत लांब भिंतींच्या बाजूला, आणि छत सर्वांत खाली असते तेही तिथेच. करारात म्हणून एकच वाक्य लिहून घ्यावे: 'खेळाच्या संपूर्ण क्षेत्रावर, तयार फ्लोअरिंगपासून कोणत्याही बांधकाम घटकाच्या तळापर्यंत किमान ९.० मीटर.' तपासणी फ्लोअरिंग बसल्यावर लेझर टेपने, चारही कोर्टांच्या आठही मागच्या कडांवर करावी.

बास्केटबॉलच्या बोर्डाचा विचारही याच टप्प्यावर करावा लागतो. बोर्डाचा पृष्ठभाग शेवटच्या रेषेपासून १.२ मीटर आत असतो. आपल्या हॉलमध्ये २८ मीटरचे कोर्ट मध्यावर ठेवले तर टोकाच्या भिंतीपासून बोर्ड जवळजवळ साडेचार मीटर अंतरावर, म्हणजे नेमका पहिल्या आणि चौथ्या बॅडमिंटन कोर्टाच्या डोक्यावर येतो. छताला टांगून दुमडणारा बोर्ड घेतला तर त्या दोन कोर्टांची ९ मीटर उंची कागदावरच राहते. त्यामुळे चाकांवर ढकलता येणारे स्टँड घ्यावेत आणि ते ठेवायला रुंद दाराची खोली नकाशात आधीच दाखवावी.

तिसरी पायरी: हॉल कोणत्या दिशेला ठेवायचा

उजेड कोर्टांच्या फटींवरून घ्यायचा असेल, तर छतातल्या उजेडाच्या पट्ट्या हॉलच्या रुंदीच्या दिशेने जाणार हे ठरलेच. आता या पट्ट्यांची उभी काच उत्तरेला हवी असेल, तर पट्ट्या पूर्व-पश्चिम जायला हव्यात, आणि तसे व्हायचे तर हॉलची लांबी उत्तर-दक्षिण ठेवावी लागते. इमारतींचा सर्वसाधारण सल्ला लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा असा असतो आणि घरासाठी तो योग्यही आहे. पण या हॉलमध्ये तो पाळला तर छतातली काच पूर्वेला किंवा पश्चिमेला तोंड करून उभी राहते, आणि सकाळच्या व संध्याकाळच्या सरावात ऊन थेट आत येते.

याची किंमत म्हणजे लांब पश्चिम भिंत तापते. म्हणून कपडे बदलण्याच्या खोल्या, स्वच्छतागृहे आणि सामानाची खोली पश्चिमेला लावून तिला सावली द्यावी आणि उरलेल्या वरच्या भागात इन्सुलेशनचे पॅनेल वापरावेत.

चौथी पायरी: उत्तरेचे ऊन अडवणे

युरोपातल्या अनुभवावर लिहिलेल्या मार्गदर्शकांत उत्तरेची काच म्हणजे ऊन नसलेली काच असे गृहीत धरलेले असते. महाराष्ट्रात ते अर्धे वर्षच खरे ठरते. २१ मार्च ते २३ सप्टेंबर या काळात सूर्य पूर्वेच्या किंचित उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो. पुण्याच्या अक्षांशावर, म्हणजे १८.५ अंशांवर, १५ एप्रिलच्या सुमारास सकाळी साधारण साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी साडेचारनंतर सूर्य उत्तरेच्या बाजूला असतो. १ मेला हीच वेळ सकाळी दहापर्यंत आणि दुपारी तीननंतर अशी पसरते. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तर सूर्य दिवसभर उत्तरेकडेच राहतो. जून-जुलैमध्ये ढगांमुळे त्याचा त्रास कमी होतो. पण एप्रिल आणि मे म्हणजे उन्हाळी शिबिरांचे महिने, आकाश निरभ्र, आणि मुले सकाळी सात ते दहा या वेळेतच कोर्टावर असतात.

सुदैवाने हे ऊन काचेला जवळजवळ समांतर येते. पुण्यात सर्वांत उत्तरेचा सूर्योदयसुद्धा पूर्वेपासून २५ अंशांच्या आतच असतो. त्यामुळे काचेच्या बाहेर, तिला काटकोनात, उभ्या पट्ट्या म्हणजे फिन लावल्या की काम होते. अर्धा मीटर पुढे आलेली फिन २५ अंशांच्या उन्हाची सावली काचेवर एक मीटरहून थोडी अधिक लांब टाकते. म्हणून अर्धा मीटर खोलीच्या फिन एक-एक मीटरवर लावाव्यात. मे-जूनचे दुपारचे ऊन डोक्यावरून येते, त्यासाठी काचेच्या वर अर्धा मीटरची पडदी पुरेशी आहे. या दोन्ही गोष्टी पत्र्याच्या आणि स्वस्त आहेत, आणि माझ्या पाहण्यात त्याच सर्वांत आधी खर्चातून वगळल्या जातात. त्या वगळायच्याच असतील, तर काचही वगळून सगळा प्रकाश दिव्यांचा ठेवणे जास्त प्रामाणिक ठरेल.

पाचवी पायरी: फटीत फ्रेम, काच आणि दिवा

आता सगळे एकत्र आणू. कोर्टाची रुंदी आणि फट मिळून ८.१ मीटर होतात, तेव्हा फ्रेमचे अंतरही ८.१ मीटरच ठेवावे. दक्षिणेच्या भिंतीपासून मोजले तर तीन फटी ८.१५ ते १०.१५, १६.२५ ते १८.२५ आणि २४.३५ ते २६.३५ मीटर या जागी येतात. फ्रेम प्रत्येक फटीच्या उत्तर कडेला, म्हणजे १०, १८.१ आणि २६.२ मीटरवर उभी करावी. तिच्या दक्षिणेला छतात दीड मीटर रुंद उघडी पट्टी ठेवावी आणि त्या पट्टीच्या उत्तर कडेवर, फ्रेमच्या आधाराने, दीड मीटर उंच काच उभी करावी. वरचे झाकण काचेच्या माथ्यापासून दक्षिणेकडे उतरते आणि पावसाचे पाणी छतावर सोडते. अशाच दोन पट्ट्या दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागेवर येतात, म्हणजे एकूण पाच. दिव्यांच्या रांगाही याच फटींवर, कोर्टाच्या बाजूने लावाव्यात. कोर्टाच्या मध्यावर एकही दिवा नको. या मांडणीत राफ्टरचा जाड भागही कोर्टावर न येता फटीवर राहतो.

बॅडमिंटनपटू पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे पाहतो, म्हणजे पट्टीच्या लांबीच्या दिशेने, त्यामुळे काच त्याच्या समोर कधी येत नाही. व्हॉलीबॉलमध्ये मात्र उत्तरेकडे तोंड असलेल्या संघाला काच दिसू शकते. तिच्यावर उपाय म्हणून पट्टीच्या तोंडाशी, छताच्या पातळीत, पांढऱ्या रंगाच्या ४० सेंटीमीटर खोल आडव्या फळ्या ४० सेंटीमीटर अंतराने पूर्व-पश्चिम टांगाव्यात. मग ४५ अंशांपेक्षा खालच्या नजरेला काच दिसतच नाही, फक्त उजळलेल्या फळ्या दिसतात. या फळ्या राफ्टरच्या ७० सेंटीमीटर खोलीतच बसतात, म्हणून मोकळी उंची कमी होत नाही. सेट घेणारा खेळाडू नेमका पट्टीखाली उभा राहून सरळ वर पाहील, तेव्हा काच त्याला दिसेल. ही मर्यादा उरतेच. ती कमी करायची तर पारदर्शक काचेऐवजी दुधी पॉलीकार्बोनेट वापरावे. पट्ट्या उघडणाऱ्या नसाव्यात, बंदच असाव्यात, कारण वरून येणारी वाऱ्याची झुळूक फुलाची वाट बदलते.

सहावी पायरी: रंग

डोळे दिपतात ते नुसत्या उजेडाने नव्हे, तर अंधाऱ्या पार्श्वभूमीवरच्या उजळ तुकड्याने. म्हणून छताचा आतला भाग फिकट आणि मॅट असावा, म्हणजे उजेडाची पट्टी आणि तिच्या शेजारचे छत यांत फार फरक राहत नाही. याउलट लांब भिंतींचा रंग मध्यम-गडद हिरवा किंवा निळा आणि मॅट असावा, कारण सपाट येणारे पांढरे फूल त्याच भिंतीसमोर दिसायचे असते. भिंतींवर घोषवाक्ये, पांढरे फलक किंवा चकचकीत टाइल नकोत. फ्लोअरिंगचे पॉलिशही मॅट घ्यावे. चकचकीत लाकडावर छतातली पट्टी आरशासारखी दिसते आणि डिफेन्समध्ये वाकलेल्या खेळाडूच्या डोळ्यांत खालून येते.

दिवसाउजेड किती मिळेल

इथे अपेक्षा वाजवी ठेवाव्यात. पाच पट्ट्या, प्रत्येकी १८ मीटर लांब आणि दीड मीटर उंच, म्हणजे १३५ चौरस मीटर काच, जमिनीच्या क्षेत्रफळाच्या सुमारे २० टक्के. दुधी पत्रा, धूळ, फिन आणि फळ्या यांतून गाळून बाहेरच्या उजेडाचा एक ते दीड टक्का कोर्टापर्यंत पोहोचतो. आपल्याकडे हिशेबासाठी आकाशाचा उजेड ८००० लक्स धरतात. त्यावर ८० ते १२० लक्स मिळतील, आणि लख्ख सकाळी त्याच्या दुप्पट किंवा थोडे जास्त. बॅडमिंटनच्या सरावाला साधारण ३०० लक्स आणि स्थानिक सामन्यांना ५०० लक्स हवेत. म्हणजे दिवसाउजेड दिव्यांचे काम कमी करतो, ते संपवत नाही. दिव्यांना टप्प्याटप्प्याने मंद करण्याची सोय ठेवली तरच हा फायदा विजेच्या बिलात उतरतो. काच दुप्पट करून दिवे पूर्ण बंद ठेवण्याचा मोह टाळावा, कारण काचेबरोबर छतातून येणारी उष्णताही वाढते.

झालेला हॉल कसा तपासावा, आणि बिघडलेला कसा सुधारावा

तपासणीसाठी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातील निरभ्र दिवस निवडावा आणि सकाळी सात ते दहा व दुपारी चार ते सहा हॉलमध्ये थांबावे. जमिनीवर किंवा भिंतीवर कडक कडांचा उन्हाचा चौकोन दिसला, तर कुठेतरी फिन तोकडी पडली आहे. नंतर प्रत्येक कोर्टाच्या मागच्या कोपऱ्यात उभे राहून एकाला समोरून उंच लॉब मारायला सांगावे आणि फूल कोणत्या क्षणी दिसेनासे होते ते खडूने जमिनीवर नोंदवावे. लक्स मीटर सरासरी सांगतो, हा दोष मात्र तो दाखवत नाही. माझ्या अनुभवात अर्ध्या तासाच्या या खेळात नकाशातली बहुतेक चूक सापडते.

आपल्याकडे सर्वाधिक आढळणारी चूक वेगळीच असते: गोदामासारखी दर चौथ्या-पाचव्या पत्र्याला पारदर्शक शीट, कोर्टांचा कसलाही विचार न करता. एका तालुक्याच्या हॉलमध्ये या शीटमधून आलेला उन्हाचा पट्टा सकाळी नऊच्या सुमारास दुसऱ्या कोर्टाच्या जाळीवरून सरकत जात असे, आणि मुले तेवढा वेळ कोर्ट सोडून बसत. प्रशिक्षकांनी शेवटी छतावर चढून त्या शीटवर तपकिरी रंग मारला. मग हॉलमध्ये भर दुपारीही सगळे दिवे लावावे लागले. अशा हॉलमध्ये आधी जमिनीवरच्या कोर्टांची जागा छताच्या नकाशावर उतरवावी. कोर्टावर येणाऱ्या शीट काढून तिथे साधा पत्रा बसवावा, फटींवर येणाऱ्या शीट ठेवाव्यात आणि त्यांच्याखाली राफ्टरच्या खोलीत दुधी पॅनेल लावावेत. थेट ऊन पसरून मऊ होते, पट्टा नाहीसा होतो. उष्णता थोडी उरते, आणि पॉलीकार्बोनेट काही वर्षांनी पिवळे पडते तेव्हा शीट बदलाव्या लागतात, म्हणून पॅनेल खालून काढता येतील असे बसवावेत आणि छतावर जाण्यासाठी कायमची शिडी ठेवावी.